आजचा ऑरेंज उद्या सकाळी साडेआठपर्यंत असतो: अलर्टचे चार रंग कसे वाचावेत

पावसाळ्यात गोव्यात यलो अलर्ट इतक्या वेळा येतो की लोक त्याकडे बघणंच सोडून देतात. मग एखाद्या दिवशी लाल रंग दिसला की मेणबत्त्या, दूध आणि पावासाठी दुकानात रांग लागते. 'रेड आला की बघू' हा सल्ला मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण घरातली तयारीची कामं ऑरेंजला करायची असतात. रेडच्या दिवशी बाहेर पडायचंच नसतं.

पहिली पायरी सोपी आहे. फोनवर कोणी पाठवलेलं रंगीत चित्र पुसून टाका आणि रंग mausam.imd.gov.in वर किंवा 'सचेत' ॲपवर स्वतः बघा.

रंगांचा मूळ अर्थ हवामान खात्याने ठरवून दिलेला आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. पावसापुरतं बोलायचं तर 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून 'जोरदार', 115.6 पासून 'अति जोरदार' आणि 204.5 पासून 'अत्यंत जोरदार' असे टप्पे आहेत. पिवळा, नारिंगी आणि लाल रंग साधारण याच क्रमाने लागतात. पण रंग फक्त मिलिमीटर मोजून देत नाहीत. शक्यता किती आणि परिणाम किती, हेही त्यात धरलेलं असतं. आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर छपराचा हिशेब करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या कौलांवर दिवसभरात 150 मिलिमीटर पडला, तर पंधरा हजार लिटर पाणी तुमच्याच पन्हाळीतून अंगणात येतं.

आता खरी गोम. आमच्या घरी यावरून दर पावसाळ्यात वाद व्हायचा: बुधवारचा ऑरेंज म्हणजे नक्की कधीपासून कधीपर्यंत? कॅलेंडरचा दिवस मध्यरात्री बदलतो, पण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. बुधवारचा रंग गुरुवारी पहाटेलाही लागू असतो, हे लक्षात ठेवलंत तर निम्मे गोंधळ मिटतील.

एक उदाहरण घेऊ. घर साखळीला, वाळवंटी नदीपासून जवळ. मंगळवारी दुपारच्या पत्रकात उत्तर गोव्याला मंगळवार पिवळा, बुधवार नारिंगी आणि गुरुवार पिवळा दाखवला आहे. बहुतेक जण म्हणतील, बुधवारी सांभाळू, गुरुवारपासून मोकळे. पण मुलांची शाळेची बस गुरुवारी सकाळी सातला निघते, म्हणजे अजून बुधवारच्या नारिंगीतच. रात्री दोनला नदी चढली तर तीही नारिंगीतच चढली. म्हणून गाडी उंचावर लावायची ती बुधवारी संध्याकाळी, आणि मुलांना पाठवायचं की नाही ते गुरुवारी सकाळी सहाला ताजा इशारा बघून ठरवायचं. पेपरात गुरुवारी '24 तासांत इतका पाऊस' असा आकडा येतो, तो सहसा बुधवारी सकाळी साडेआठपर्यंत पडलेल्या पावसाचा असतो. तो वाचून गुरुवारचा बेत आखू नका.

त्याच पत्रकात रंगाखाली एक ओळ असते आणि ती कोणी वाचत नाही. 'तुरळक ठिकाणी अति जोरदार' असं लिहिलं असेल, तर जिल्ह्यातल्या थोड्याच केंद्रांवर तसा पाऊस अपेक्षित आहे. रंग मात्र सगळ्या जिल्ह्याला एकच लागतो. त्यामुळे म्हापशात ऊन पडलेलं असताना वाळपई-केरीकडे घाटाखाली धो धो कोसळत असतो. 'अलर्ट खोटा निघाला' असं म्हणणारे बहुतेक किनाऱ्याकडचे असतात. वर पडलेला पाऊस नदीनेच खाली येतो, हे त्यांच्या हिशेबात नसतं. 2024 च्या जुलैत एका रविवारी सत्तरीतल्या पाली धबधब्याकडे गेलेले सुमारे 80 जण पाणी चढल्यामुळे अडकले होते. धबधब्याच्या पायथ्याशी आभाळ कसं दिसतं, यावर विसंबू नये. नारिंगी किंवा लाल असेल तर धबधबा नाही, मग पाहुणे कितीही दूरवरून आलेले असोत.

दिवसाचा रंग आणखी एक गोष्ट सांगत नाही. 150 मिलिमीटर दिवसभर रिपरिपत पडणार की तीन तासांत ओतणार, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी पुढच्या सुमारे तीन तासांचा वेगळा तात्कालिक इशारा निघतो, आणि त्यालाही हेच रंग असतात. दिवस पिवळा आणि तीन तासांचा इशारा लाल, असं दिसलं तर घोटाळा समजू नका. घराबाहेर असाल तर तीन तासांचा माना. आजी-आजोबांना दवाखान्यात न्यायचं वगैरे आधीच ठरवायचं असेल तर दिवसाचा माना.

यलोला काय करायचं ते खालची ओळ बघून ठरतं. नुसता पाऊस असेल तर रेनकोट घ्या, पन्हाळ साफ करा, झालं. वीज-गडगडाट लिहिला असेल, आणि मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत बहुतेक तोच असतो, तर टीव्ही-मोडेमच्या वायरी काढा आणि मुलांना माडाखाली किंवा उघड्या मैदानावर थांबू देऊ नका.

ऑरेंजला संध्याकाळच्या आत फोन, पॉवर बँक आणि टॉर्च चार्ज करा, टाकी भरा, रोजची औषधं तीन दिवसांची आणून ठेवा. कागदपत्रं आणि तांदळाचा डबा माळ्यावर चढवा. पणजी-रायबंदरसारख्या ठिकाणी राहत असाल तर भरतीची वेळही बघा, कारण मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की गटाराचं पाणी नदीत जायला वाट नसते. नदीकाठी किंवा डोंगर कापून बांधलेल्या घरात राहणाऱ्यांनी ऑरेंजलाच रेड धरावं. त्यातही सलग चार-पाच दिवस पाऊस झाला असेल तर नक्कीच, कारण माती आधीच पाणी प्यायलेली असते.

रेडला घरात थांबा. पाणी सॉकेटपर्यंत चढायच्या आधी मेन स्विच बंद करा. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालू नका. मागच्या डोंगरातून अचानक गढूळ पाणी झिरपू लागलं, जमिनीला भेग पडली किंवा झाड-खांब कलला, तर 112 ला फोन नंतर करा, आधी माणसं त्या घरातून काढून शेजाऱ्यांकडे न्या.

रंग लालवरून पिवळा झाला म्हणून लगेच सामान खाली उतरवू नका. तो पुढच्या पावसाचा अंदाज आहे, नदीची पातळी तो सांगत नाही, आणि पाऊस थांबल्यावरही दरड येते. पुराचं पाणी विहिरीत गेलं असेल तर विहीर उपसून तिचं निर्जंतुकीकरण होईपर्यंत ते पाणी पिऊ नका, स्वच्छ दिसलं तरीही.