टी-शर्टच्या मॉकअपमध्ये या चुका टाळा

इंदूरमधील मराठी मंडळांच्या गणेशोत्सवाच्या टी-शर्टचे डिझाइन आजकाल मोबाइलवर फिरणाऱ्या मॉकअपवरूनच, म्हणजे टी-शर्टच्या फोटोवर चित्र बसवून केलेल्या नमुन्यावरूनच मान्य होते, आणि एकदा मान्यता मिळाली की त्याच मापाची स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळीदार चौकट तयार होऊन छपाई सुरू होते. त्यामुळे मॉकअपमध्ये राहिलेली चूक थेट कापडावर उतरते. येथे एकच उदाहरण घेऊ: मरून रंगाचा सुती टी-शर्ट आणि त्याच्या छातीवर क्रीम रंगाच्या एकाच शाईत इंदूरच्या राजवाड्याचे रेखाचित्र. राजवाडा सात मजल्यांचा असल्यामुळे चित्र उभट होते, आणि मजल्यांच्या आडव्या रेषांमुळे मॉकअपमधील खोटेपणा लगेच उघडा पडतो, म्हणून हे उदाहरण उपयोगी आहे.

माप न घेता चित्र ठेवणे

बहुतेक जण चित्र आणून ‘बरे दिसेल’ इतके मोठे करतात आणि फोटोच्या मध्यभागी ठेवतात. परंतु फोटोचा मध्य म्हणजे छातीचा मध्य नव्हे. उभट चित्र असे ठेवले, तर प्रत्यक्षात ते पोटावर येते आणि टी-शर्ट घालणारा बसला की खालचे मजले घडीत जातात.

आधी फोटोचे प्रमाण काढावे. समजा टी-शर्ट एल मापाचा आहे आणि सपाट पसरल्यावर एका काखेच्या शिलाईपासून दुसऱ्या काखेच्या शिलाईपर्यंत २१ इंच भरतो. फोटोमध्ये तेच अंतर १६८० पिक्सेल असेल, तर एका इंचाला ८० पिक्सेल पडतात. चित्र ९ इंच रुंद छापायचे असेल, तर मॉकअपमध्ये त्याची रुंदी ७२० पिक्सेलच असली पाहिजे. समोरच्या मोठ्या छपाईचा वरचा काठ साधारणपणे गळपट्टीच्या शिलाईखाली ३ इंचांवर ठेवतात, म्हणजे येथे २४० पिक्सेलवर. मध्यरेषा दोन्ही काखांच्या शिलाईंवरून काढावी, कारण फोटो काढताना टी-शर्ट किंचित तिरपा पडलेला असतो आणि त्या तिरपेपणाइतके चित्रही फिरवावे लागते.

गडद कापडावर Multiply वापरणे

मॉकअपवरील बहुतेक धड्यांमध्ये फोटोशॉपमधील चित्राच्या थराला Multiply, म्हणजे खालच्या रंगाशी गुणाकार करणारा मिश्रणप्रकार लावण्यास सांगितलेले असते, आणि पांढऱ्या टी-शर्टवर ते चालतेही. गडद कापडावर मात्र ही पद्धत मुळातच चुकीची आहे, कारण Multiply खालचा रंग उजळ करू शकत नाही. मरून रंगाची लाल, हिरवी आणि निळी मूल्ये ११०, २०, ४० आणि क्रीमची २४५, २३५, २१० धरली, तर गुणाकाराने येणारा रंग १०६, १८, ३३ असतो. म्हणजे राजवाडा जवळजवळ दिसेनासा होतो. मग तो दिसावा म्हणून कोणी Screen हा उजळवणारा मिश्रणप्रकार लावतो, कोणी उजळपणा वाढवतो, आणि शेवटी छपाईऐवजी कापडावर प्रकाश पाडल्यासारखे चित्र तयार होते.

प्लास्टिसोल शाई कापडात मुरत नाही, ती वर बसते. गडद कापडावर तर बऱ्याचदा खाली पांढऱ्या शाईचा अस्तर-थर देऊन मग रंग छापतात. म्हणून चित्राचा थर Normal ठेवावा. सावल्या दाखवण्यासाठी टी-शर्टच्या फोटोची रंगहीन प्रत चित्राच्या वर, चित्रापुरतीच बांधून ठेवावी आणि त्या प्रतीला Multiply द्यावे. मात्र मरून कापडाची रंगहीन प्रत सगळीकडेच गडद असल्याने ती जशीच्या तशी ठेवली, तर क्रीम रंग चिखलासारखा दिसेल. Levels वापरून सपाट कापडाचा भाग पांढऱ्यापर्यंत उजळवावा, म्हणजे फक्त सुरकुत्यांची करडी छटा उरेल. छपाई वॉटर बेस शाईत होणार असेल, तर शाई कापडात मुरते आणि कापडाचा रंग तिच्यातून जाणवतो. तेव्हा चित्राची अपारदर्शकता थोडी कमी करणे योग्य ठरते. कोणती शाई वापरणार, हे छापखान्याला आधीच विचारावे.

शाईच्या पोताबाबत आणखी एक चूक सर्रास दिसते, ती म्हणजे इंटरनेटवरून झिजलेल्या भिंतीसारखा पोत आणून चित्रावर पसरवणे. नव्या छपाईला असे पोपडे नसतात. टी-शर्टच्या साध्या जर्सी विणीत इंचाला साधारण ३० ते ४० उभ्या ओळी असतात. आपल्या फोटोत इंचाला ८० पिक्सेल आहेत, म्हणजे एका ओळीच्या वाट्याला दोन-अडीच पिक्सेलच येतात. पूर्ण टी-शर्ट दिसत असताना वीण ठळक दिसू लागली, तर पोताचे प्रमाण चुकले आहे असे समजावे. विणीचा पोत त्याच फोटोतून घ्यावा आणि तो जेमतेम जाणवेल इतकाच ठेवावा.

सुरकुतीवरून सरळ जाणाऱ्या रेषा

राजवाड्याच्या मजल्यांच्या रेषा सुरकुतीवरूनही पट्टीने आखल्यासारख्या सरळ जात असतील, तर चित्र कापडावर नसून त्याच्या पुढे तरंगत आहे, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. रेषा सुरकुतीप्रमाणे सरकवण्यासाठी फोटोशॉपमध्ये Displace वापरतात, पण त्याचा नकाशा, म्हणजे कोणता भाग किती सरकवायचा हे सांगणारी करडी प्रतिमा तयार करताना दोन गोष्टी हमखास चुकतात.

Displace मध्ये १२८ ही करडी छटा म्हणजे ‘हलवू नये’ असा अर्थ असतो. त्याहून गडद आणि उजळ भाग परस्परविरुद्ध दिशांना सरकतात. आपल्या मरून कापडाची रंगहीन छटा ५० च्या आसपास येते. हाच फोटो नकाशा म्हणून दिला आणि आडवे व उभे अशी दोन्ही प्रमाणे १० ठेवली, तर सुरकुतीच नसलेल्या जागीही संपूर्ण चित्र आडव्या आणि उभ्या दिशेत प्रत्येकी सुमारे ८ पिक्सेल सरकते. प्रमाण ४० केले तर ३१ पिक्सेल, म्हणजे जवळजवळ ०.४ इंच. इतक्या काळजीने घेतलेले माप असे वाया जाते. म्हणून नकाशाची वेगळी प्रत करून तिचे सपाट कापड Levels ने १२८ पर्यंत आणावे आणि ती फोटोच्याच मापाची PSD म्हणून जतन करावी.

दुसरी चूक म्हणजे नकाशात वीण तशीच राहू देणे. मग प्रत्येक धागा चित्राला ढकलतो आणि झरोक्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसतात. नकाशाला ३-४ पिक्सेल Gaussian Blur दिला की वीण पुसली जाते आणि सुरकुत्यांचे उंचसखलपण तेवढे उरते. तरीही खोल घडी Displace ने साधत नाही, कारण ते चित्र सरकवते, झाकत नाही. घडीत दडणारा भाग मास्क लावून हाताने लपवावा लागतो.

अंगावर घातलेल्या टी-शर्टचा फोटो असेल, तर ताणाचाही विचार करावा. जर्सी कापड लांबीपेक्षा रुंदीत अधिक ताणले जाते, म्हणून घट्ट बसलेल्या टी-शर्टवर छातीपाशी मजल्यांच्या रेषा किंचित रुंदावतात. Warp ने मधला भाग थोडा बाहेर ओढला की पुरते.

एकाच मापावर समाधान मानणे

मंडळासाठी सहसा एकच स्क्रीन बनते आणि सर्व मापांवर तीच वापरली जाते. ९ इंचांचे चित्र १८ इंच रुंदीच्या लहान टी-शर्टवर निम्मी छाती व्यापते, एलवर सुमारे ४३ टक्के, तर २४ इंचांच्या डबल एक्सएलवर ३८ टक्क्यांहून कमी. मान्यतेसाठी पाठवताना सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे माप शेजारी-शेजारी दाखवावे, आणि चित्राची रुंदी व गळपट्टीपासूनचे अंतर इंचांत त्याच प्रतिमेवर लिहावे, म्हणजे स्क्रीन बनवणाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही.