पायाला प्लास्टर असताना मोरीत होणाऱ्या या चुका टाळा

फिजिओथेरपीसाठी मी घरोघरी जाते. प्लास्टर घातलेल्या माणसाचं घर पाहायचं असेल, तर मी आधी मोरी पाहते. प्लास्टर तिथेच भिजतं, भिजल्यामुळे खाज तिथूनच सुरू होते आणि कुबडी घसरते तीही तिथेच.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. यंत्रमागावर काम करणारे चाळिशीतले एक मामा जिन्याच्या पायरीवरून घसरले आणि घोट्याजवळचं हाड मोडलं. गुडघ्याखाली पीओपीचं प्लास्टर घातलं, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही असं सांगितलं. सोलापूरचा उन्हाळा, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा. नऊ दिवस कसेबसे अंग पुसून काढले आणि दहाव्या दिवशी मामांनी आंघोळ करायचं ठरवलं. पायावर पिठाची प्लास्टिकची पिशवी चढवली, गुडघ्याखाली रबर लावलं, पाटावर बसून पाय मोरीतच पसरला आणि डोक्यावरून तांब्या ओतला.

पहिली चूक ती पिशवी. एका रबराने पाणी थांबत नाही, मांडीवरून ओघळलेलं पाणी थेट पिशवीत उतरतं. रबर घट्ट लावावं, तर पायाचा रक्तप्रवाह अडतो. पाय न्हाणीबाहेरच ठेवायचा, हा खरा उपाय. मोरीच्या उंबऱ्याशी पक्की, न हलणारी खुर्ची ठेवा, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि प्लास्टरचा पाय बाहेर दुसऱ्या स्टुलावर. प्लास्टरच्या वरच्या काठाभोवती कोरडा टॉवेल गुंडाळा, त्यावर पिशवी आणि चिकटपट्टी, मग आणखी एक पिशवी आणि पुन्हा पट्टी, पण आवळून नाही. टॉवेल आपल्या गावचाच जाडा असला की ओघळलेलं पाणी तो शोषून घेतो. एवढं करूनही पाय बादलीत किंवा तांब्याच्या धारेखाली धरायचा नाही. पिशव्या शिंतोड्यांपुरत्या आहेत. आंघोळ झाली की त्या लगेच काढा, नाहीतर आतल्या घामानेच प्लास्टर ओलं होतं.

फायबरचं प्लास्टर असेल तर “ह्याला पाण्याचं काही होत नाही” असं लोक म्हणतात. बाहेरच्या कवचाचं खरंच फारसं काही होत नाही. पण आत कापसाचा थर असतो, तो भिजला की दिवसेंदिवस वाळत नाही. पीओपी भिजलं तर मऊ पडून निदान कळतं तरी. फायबर बाहेरून ठणठणीत दिसत राहतं आणि आत कातडी भिजून पांढरी, लिबलिबीत होत जाते.

मामांचं प्लास्टर पीओपीचं असूनही तसंच झालं. बाहेरचं थोडं ओलं झालेलं पंख्याने वाळलं, आतला कापूस ओलाच राहिला. तिसऱ्या रात्री खाज असह्य झाली. घरातली विणकामाची सुई वरून आत घातली आणि खरवडलं. बरं वाटलं, पण पाचच मिनिटं. मग पुन्हा, अजून खोल.

सुई, पट्टी, झाडूची काडी, पेनाची नळी, यातलं काहीही आत जाऊ देऊ नका. ओल्या कातडीला साधा ओरखडा पुरतो, आणि ती जखम आपल्याला दिसत नाही, धुता येत नाही. शिवाय सुईने कापूस सरकून गोळा होतो आणि एका जागी दाबत राहतो. पावडरही टाकू नका. घामाने तिचे गोळे होतात आणि तेच खुपतात. तेल ओतणारेही मी पाहिले आहेत. तेही नको.

खाज आली की प्लास्टरवर बाहेरून बोटांनी टकटक करा. हेअर ड्रायर असेल तर थंड हवेवर ठेवून प्लास्टरच्या काठातून आत झोत सोडा. गरम हवा कधीच नाही, कारण आतली कातडी भाजलेली लगेच कळत नाही. पंख्याखाली पाय उंच ठेवून झोपल्यानेही पुष्कळ फरक पडतो, कारण उन्हाळ्यातली खाज बहुतेक घामाचीच असते. तरीही झोप येत नसेल तर डॉक्टरांना विचारून खाजेची गोळी घ्या.

खाज कमी होऊन एका जागी आग होऊ लागली, तर ती खाज समजू नका. आतून काहीतरी दाबतंय. आणि ती आग आपोआप थांबली तरी निश्चिंत होऊ नका, कातडी मेल्यानेही ती थांबते. मामांना तेराव्या दिवशी कुबट वास आला आणि काठाशी पिवळसर डाग दिसला. मामी म्हणाल्या, “घामाचा वास असंल.” मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. प्लास्टर कापलं तेव्हा पोटरीवर दोन सेंटिमीटरचा ओरखडा पिकलेला होता. जखम धुऊन औषधं सुरू झाली आणि ती सुधारल्यावर नवीन प्लास्टर बसलं.

वास, आतून येणारा डाग, ताप, मऊ पडलेलं किंवा तडकलेलं प्लास्टर, यापैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. पण बोटं निळी किंवा पांढरी-गार पडली, सुन्न झाली, गोळी घेऊनही वेदना वाढतच गेली किंवा बोटं कोणी हलवली तरी जीव कळवळला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच निघायचं. पोटरी दुखणं आणि सोबत धाप लागणं किंवा छातीत दुखणं, यालाही तोच नियम.

आता कुबड्या. मामांच्या कुबड्या शेजाऱ्यांच्या होत्या, दोन भोकं जास्त उंच. ते काखेवर लटकून चालत होते आणि हाताला मुंग्या येतात म्हणून तक्रार करत होते. काखेतल्या नसेवर दाब पडला की मनगट उचलता येईनासं होऊ शकतं. चप्पल घालून सरळ उभं राहा, कुबड्यांची टोकं पावलाच्या थोडी पुढे आणि बाहेर ठेवा. काख आणि वरच्या गादीत दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. हात खाली सोडला की कुबडीची मूठ मनगटाच्या रेषेत यावी, म्हणजे पकडल्यावर कोपर थोडं वाकतं. भार पंजांवर घ्यायचा आणि वरची गादी बरगड्यांना चिकटवून धरायची.

खालची रबरी बुचं गुळगुळीत झाली असतील तर बदला. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, आणि ते आलं की पिंपं, घागरी भरता भरता शहाबादी फरशी ओली होते. त्या वेळी उठायचंच नाही, फरशी पुसून होईपर्यंत बसून राहायचं. मोरीकडे जाताना बुचं पंच्याने पुसून घ्या आणि आत कुबड्या नेऊ नका. उंबऱ्याशी खुर्चीला पाठ लावून उभं राहायचं, दोन्ही कुबड्या एका हातात, दुसऱ्या हाताने खुर्ची चाचपून बसायचं. मामी शेजारी असल्या तरी त्यांनी कुबडी धरायची नाही, धरायची ती मामांची कंबर.

जिन्याला कठडा असेल तर एक हात कठड्याला, दोन्ही कुबड्या दुसऱ्या हातात. चढताना आधी चांगला पाय वर, मग कुबड्या आणि प्लास्टरचा पाय. उतरताना आधी कुबड्या आणि प्लास्टरचा पाय खाली, मग चांगला पाय. मामांच्या घराची पायरी उंच आणि कठड्याविना होती, म्हणून त्यांना मी पायरीवर बसून, ढुंगणावर एकेक पायरी सरकत उतरायला शिकवलं. आधी लाजले, मग रोज तसेच उतरून ओट्यावर येऊन बसू लागले.