बढती मागणाऱ्या कर्मचाऱ्याची गरज कशी ओळखावी?

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या सिद्धांतानुसार कामातील प्रेरणा सिद्धी, सत्ता आणि संलग्नता या तीन गरजांतून येते. त्यावरील परीक्षेच्या प्रश्नांत ‘स्पर्धा’ किंवा ‘बढती’ हे शब्द दिसताच सत्तेची गरज निवडली, की गुण जाऊ शकतात. समजा, एक विक्री प्रतिनिधी अवघड पण आवाक्यातले लक्ष्य स्वतःच ठरवतो, दर आठवड्याला आपल्या आकड्यांवर अभिप्राय मागतो आणि महत्त्वाचे काम दुसऱ्यावर सोपवायला नाखूश असतो. त्याने बढती मागितली तरी ही सिद्धीची गरज आहे, कारण त्याचे समाधान काम उत्तम होण्यात आहे. त्याला ते समाधान आपले म्हणणे इतरांच्या गळी उतरवण्यात मिळत असेल, तर मात्र सत्तेची गरज निवडावी. संलग्नतेची, म्हणजे इतरांशी आपुलकीचे संबंध राखण्याची गरज बहुधा संघर्ष टाळण्यातून दिसते: सहकारी दुखावेल म्हणून असा कर्मचारी त्याची चूक दाखवत नाही.