आधी मथळा जोडा, मग एम्बेडिंग काढा

कंपनीच्या धोरणांवरच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या चॅटबॉटसाठी धोरणांचे तुकडे व्हेक्टर स्टोअरमध्ये टाकताना प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर दस्तऐवजाचं नाव आणि कलमाचा मथळा जोडा, आणि हे सगळं मिळूनच एम्बेडिंग काढा. तुकड्यात कलमाचं नुसतं शेवटचं वाक्य उरलं, तर त्यातली मर्यादा रजेची की प्रवासखर्चाची, हे कळायला मार्गच नसतो. मग रजेच्या प्रश्नाला भलताच नियम हजर होतो, आणि उत्तर मात्र ठाम भाषेत येतं.

```
रजा धोरण > अर्जित रजा > साठवणुकीची मर्यादा
ही मर्यादा प्रोबेशनवरील कर्मचाऱ्यांना लागू नाही.
```

उत्तर चुकलं की लगेच प्रॉम्प्टशी झटापट नको. शोधात वर आलेले पहिले ५ तुकडे छापून वाचा. योग्य कलम त्यांत नसेल, तर प्रॉम्प्ट कितीही बदलला तरी उपयोग नाही. धोरणाची जुनी आवृत्ती मात्र मथळ्याने गळत नाही. त्यासाठी लागू झाल्याची तारीख मेटाडेटात ठेवून फिल्टर लावा.