पेसमेकरच्या बॅटरीचं आयुष्य: या चुका टाळा

पेसमेकर बसवल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "बॅटरी किती वर्षं चालेल?" कोणीतरी "दहा वर्षं" असं सांगतं आणि तो आकडा मनात पक्का बसतो. पुढच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ इथेच आहे. या बॅटरीचं आयुष्य वर्षांत ठरत नाही. तिच्यातून दर सेकंदाला किती विद्युतभार निघतो, त्यावर ते ठरतं.

पहिली चूक: "चार्ज होणारी का बसवत नाहीत?" असं विचारून ही जुनी पद्धत आहे असं मानणं

उलट सुरुवात चार्ज होणाऱ्या बॅटरीपासूनच झाली. १९५८ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांना जगातला पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर मिळाला, तेव्हा त्यात निकेल-कॅडमियम सेल होते आणि ते बाहेरून चार्ज करायचे होते. ते यंत्र काही तासच चाललं. मग मर्क्युरी-झिंक सेल आले. ते साधारण दोन वर्षांत संपायचे, शिवाय त्यांच्यातून हायड्रोजन वायू निघायचा. त्यामुळे यंत्राचं कवच पूर्ण हवाबंद करता येत नसे आणि शरीरातली ओल आत शिरायची.

१९७२ मध्ये इटलीतल्या फेरारा इथे लिथियम-आयोडीन सेलचा पेसमेकर पहिल्यांदा माणसात बसवला गेला आणि या दोन्ही अडचणी सुटल्या. या सेलमध्ये लिथियम आणि आयोडीन एकत्र येऊन लिथियम आयोडाइड बनतं, वायू अजिबात निघत नाही. म्हणून टायटॅनियमचं कवच लेझरने कायमचं बंद करता येतं. लिथियम आयोडाइडचा हा थर दोन्ही बाजूंच्या मध्ये स्वतःच तयार होतो आणि पडद्याचं कामही तोच करतो. त्याला तडा गेला, तर तिथे लिथियम आणि आयोडीन पुन्हा भेटतात आणि नवा थर धरतो. आतल्या आत गळती फारच कमी असल्यामुळे पडून राहिल्यानेही सेल फारसा झिजत नाही.

पेसमेकरला लागते ती वीज मायक्रोअँपमध्ये, म्हणजे अँपियरच्या दहा लाखाव्या भागात मोजण्याइतकी. एवढ्या कमी मागणीला चार्ज होणारा सेल घातला, तर दर चार्जिंगसोबत येणारी झीज, चार्जिंग विसरण्याची भीती आणि जास्त गळती हे सगळं विनाकारण पदरात पडतं. मज्जारज्जूला उत्तेजन देणाऱ्या काही यंत्रांची भूक मात्र खूप मोठी असते. तिथे चार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी वापरतात, आणि ते योग्यच आहे.

(या सेलमुळे एक गोष्ट घरच्यांना माहीत असलीच पाहिजे. दहनापूर्वी पेसमेकर काढून घ्यावा लागतो. उष्णतेने तो फुटतो आणि जवळच्या माणसांना इजा होऊ शकते.)

दुसरी चूक: मोबाइलसारखी टक्केवारी शोधणं

लिथियम-आयोडीन सेलचा मूळ व्होल्टेज सुमारे २.८ असतो आणि आयुष्याचा बराच काळ तो जवळजवळ हलत नाही. त्यामुळे तिसऱ्या वर्षी आणि सहाव्या वर्षी व्होल्टेज सारखाच दिसला, तर "अजून भरलेली आहे" असा निष्कर्ष काढू नका.

बदल होतो तो आतल्या रोधात. वर सांगितलेला थर वापराबरोबर जाड होत जातो. नव्या सेलचा रोध सुमारे एक हजार ओहम धरा, शेवटी तो वीस हजारांवर जाऊ शकतो. यंत्र सरासरी १० मायक्रोअँप घेत असेल, तर वीस हजार ओहमला ०.२ व्होल्ट आतच खर्च होतात आणि बाहेर २.६ उरतात. ही घसरण कंपनीने ठरवलेल्या मर्यादेला टेकली की प्रोग्रॅमरच्या, म्हणजे तपासणीत डॉक्टर बाहेरून पेसमेकर वाचतात त्या यंत्राच्या, पडद्यावर ERI दिसतं, म्हणजे बदलायची वेळ आली. म्हणूनच तपासणीच्या कागदावर व्होल्टेजच्या शेजारी बॅटरीचा रोधही वाचा आणि मागच्या कागदाशी ताडून पाहा.

तिसरी चूक: माहितीपत्रकातला आकडा आपला समजणं

आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. एका रुग्णाला पूर्ण हार्ट ब्लॉक आहे. वरचा कप्पा स्वतःच नीट चालतो, खालच्या कप्प्याला प्रत्येक ठोका यंत्राने द्यावा लागतो. सेलची वापरता येणारी क्षमता १ अँपियर-तास आणि यंत्राचं स्वतःचं काम चालवायला ८ मायक्रोअँप धरू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण वास्तवाच्या जवळचे आहेत.

ठोक्याचा व्होल्टेज २.५, लीडचा, म्हणजे यंत्रापासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेचा, रोध ५०० ओहम आणि स्पंदाची लांबी ०.४ मिलिसेकंद असेल, तर वाहणारा प्रवाह ५ मिलिअँप होतो आणि एका ठोक्याला २ मायक्रोकूलोंब लागतात. मिनिटाला ६० ठोके म्हणजे सेकंदाला एक, म्हणून सरासरी २ मायक्रोअँप. एकूण मागणी १० झाली. १ अँपियर-तासाला १० मायक्रोअँपने भागलं की एक लाख तास येतात, म्हणजे सुमारे ११.४ वर्षं.

आता फक्त व्होल्टेज ५ करा. प्रवाह दुप्पट होतो. शिवाय २.८ व्होल्टच्या सेलमधून ५ व्होल्ट काढायला यंत्राला व्होल्टेज दुप्पट करावा लागतो, त्यामुळे सेलमधून निघणारा भार पुन्हा दुप्पट होतो. २ चे ८ मायक्रोअँप झाले, एकूण १६. आयुष्य ७.१ वर्षांवर आलं. तोच रुग्ण, तेच यंत्र, फक्त एक सेटिंग वेगळं आणि चार वर्षांहून जास्त फरक.

आणि हे सेटिंग नेमकं राहून जातं. लीड नवीन असताना टोकाशी सूज येते आणि हृदयाला उत्तेजित करायला लागणारा किमान व्होल्टेज, म्हणजे थ्रेशोल्ड, काही आठवडे वाढलेला असतो. म्हणून सुरुवातीला मुद्दाम जास्त व्होल्टेज ठेवतात. दोन-तीन महिन्यांनी थ्रेशोल्ड स्थिरावला की तो मोजून, त्याच्या साधारण दुप्पट राहील इतका व्होल्टेज खाली आणायचा असतो. रुग्णाला बरं वाटतंय म्हणून ही तपासणी चुकली, तर तो जास्त व्होल्टेज वर्षानुवर्षं तसाच चालतो. पण बॅटरी वाचवायची म्हणून थ्रेशोल्ड न मोजता व्होल्टेज कमी करणं त्याहून घातक आहे, कारण अशा रुग्णाचा प्रत्येक ठोका यंत्रावर अवलंबून असतो.

लीडचा रोधही पाहा. आवरणाला चीर पडून ५०० चा २५० ओहम झाला, तर वरच्या हिशेबात २ चे ४ मायक्रोअँप होतात. आयुष्याचा अंदाज अचानक घसरला, तर आधी लीड तपासा, मग बॅटरीला दोष द्या.

चौथी चूक: अंदाजाला तारीख समजणं

दहा वर्षांचा सेल विकण्याआधी दहा वर्षं थांबता येत नाही. म्हणून कंपन्या सेल वेगवेगळ्या रोधांवर जास्त वेगाने रिकामे करतात आणि त्यावरून मंद वापराचं गणित मांडतात. आतली गळती मोजायला सेल ३७ अंश तापमानात अतिसंवेदी कॅलरीमापीत ठेवतात आणि त्यातून निघणारी मायक्रोवॅटमधली उष्णता टिपतात. एवढं करूनही प्रोग्रॅमर उरलेल्या आयुष्याची किमान आणि कमाल अशी दोन टोकं दाखवतो. सुरुवातीच्या वर्षांत ती लांब असतात, रोध चढू लागला की जवळ येतात. कमाल आकडा लक्षात ठेवायचा मोह टाळा, किमान आकड्यावर पुढच्या भेटी ठरवा.

पाचवी चूक: ERI म्हणजे बॅटरी संपली असं मानणं, किंवा अजून वेळ आहे म्हणून थांबणं

ERI नंतर बहुतेक पेसमेकर किमान तीन महिने चालतील अशी तजवीज असते. घाबरून त्याच रात्री धावायची गरज नाही, पण शस्त्रक्रियेची तारीख लगेच घ्या. काही यंत्रं या टप्प्यावर वीज वाचवायला साध्या, ठरावीक गतीच्या पद्धतीवर जातात. अचानक थकवा आला आणि नाडी एकाच आकड्यावर अडकली, तर तपासून घ्या. पेसमेकरवर चुंबक ठेवल्यावर येणारी ठोक्यांची गतीही बॅटरीची अवस्था सांगते, पण ती कंपनीगणिक वेगळी असते. मेडट्रॉनिकच्या अनेक यंत्रांत ती मिनिटाला ८५ ची ६५ होते, दुसऱ्या कंपनीला हा तक्ता लावू नका.

"होऊन जाऊ दे" म्हणून वेळेआधी बदलणंही चूक आहे. सेल वेगळा काढता येत नाही, सगळा जनरेटरच, म्हणजे सेल असलेला बंद डबाच, बदलावा लागतो. तो ठेवलेला त्वचेखालचा तोच खिसा पुन्हा उघडताना जंतुसंसर्गाची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा जास्त असते.