साडेनऊपर्यंत सांगा: डब्याचा रोजचा मेसेज

त्रिमूर्तीनगरात राहून मी आयटी पार्ककडच्या पोरापोरींना दुपारचे डबे देते. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या बायका मला भाजीचं प्रमाण विचारतात, दर विचारतात. मेसेज कसा लिहायचा ते कुणी विचारत नाही. सकाळी हात कणकेत असताना फोन वाजतो तो मात्र त्याच्यापायीच. "काकू, आज काय आहे जी?", "पोळ्या किती?", "आता सांगितलं तर चालते का?" उत्तरं मेसेजात असतात, तरी प्रश्न येतात. नोटिफिकेशनमध्ये पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, आणि तिथे आपण शुभ सकाळ आणि गुलाबाची फुलं टाकलेली असतात.

माझा मेसेज असा जातो:

> बुधवार दुपार: भरलं वांगं, फोडणीचं वरण
> सकाळी ९:३० पर्यंत सांगा
> पूर्ण ९० रु.: ४ पोळ्या, भाजी, वरण, भात, कोशिंबीर
> अर्धा ६० रु.: ३ पोळ्या, भाजी
> उत्तरात एवढंच लिहा: पूर्ण १ किंवा अर्धा १. अंगठा दिसला की नोंद झाली.
> महिन्याचे डबे: काही लिहू नका, डबा येतोच
> ९:३० नंतर: फक्त वरण-भात, ५० रु.

वार आधी लिहायचा, कारण लोक कालचाच मेसेज वाचून "काकू, भेंडी होती ना?" म्हणून भांडतात.

साडेनऊ ही वेळ मी तव्यावरून ठरवली. डबे पावणेबाराला निघतात. भरायला अर्धा तास धरा, म्हणजे सव्वाअकराला पोळ्या तयार पाहिजेत. चाळीस डब्यांच्या दीडशे पोळ्या दोघींना करायला दीड तास लागतो, म्हणजे पावणेदहाला पहिली पोळी तव्यावर पडली पाहिजे. कणीक त्याआधी भिजते. किती भिजवायची हे जेव्हा ठरवावं लागतं, तीच तुमची शेवटची वेळ. तुमच्याकडे एकच जण लाटणारी असेल तर ती आठ असेल. माझी वेळ उचलू नका.

भाजीचं गणित वेगळं आहे, ती आदल्या दिवशीच घेतलेली असते. म्हणून महिन्याच्या गिऱ्हाइकांना सुट्टी कळवायची वेळ आदल्या रात्री आठ. आठच्या आत कळवलं तर त्या दिवसाचे पैसे धरत नाही, नंतर कळवलं तर धरते. हे वाक्य मी रोज नाही, महिन्याच्या एक तारखेला पैशांच्या मेसेजात टाकते. रोजच्या मेसेजात दोन वेळा आल्या की लोकांचा गोंधळ होतो.

सगळ्यात जास्त प्रश्न वाचवले ते "काही लिहू नका" या ओळीने. गिऱ्हाईक गप्प बसलं तर त्याचा अर्थ काय, हे आधी कोणालाच माहीत नसायचं. महिनेवाले रोज "माझा आहे ना?" विचारायचे, आणि सुटे गिऱ्हाईक न सांगता डब्याची वाट बघत बसायचे. आता महिनेवाला गप्प म्हणजे डबा आहे, सुटा गप्प म्हणजे नाही.

मग दहा वाजता एखादा म्हणतोच, "काकू, एकच तर डबा आहे." घरच्या चार पोळ्या उचलून दिल्या तर उद्या दहा वाजता तिघं येतील. नुसतं नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतं. भात आणि वरण ऐनवेळी वाढवता येतं, पोळी वाढत नाही. म्हणून उशीर झालेल्याला वरण-भात, तोही डबे निघायच्या अर्धा तास आधीपर्यंतच. साडेनऊला मी "पोळ्यांची नोंद बंद" एवढा एक मेसेज टाकते. त्यानंतर वाद घालणारे कमी होतात.

हे ग्रुपवर करू नका. वीस जणांच्या "पूर्ण १" खाली मेनू वाहून जातो, आणि हॉस्टेलच्या पोरींचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, फक्त गिऱ्हाइकाने आपला नंबर सेव्ह केलेला पाहिजे, नाहीतर मेसेज पोचतच नाही. "मला मेसेज आलाच नाही" म्हणणाऱ्याला मी पहिलं हेच विचारते.

नवीन माणूस पत्ता, दर, कांदा-लसूण सगळं विचारणारच. ते रोजच्या मेसेजात कोंबू नये. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये Quick replies आहे, तिथे मी सगळी माहिती एकदाच लिहून ठेवली आहे. /dar टाइप केलं की ती समोर येते.

मे महिन्यात हे सगळं अर्धा तास अलीकडे येतं. बाराच्या उन्हात डबा गाडीवर राहिला तर वरण आंबायची भीती असते, म्हणून डबे सव्वाअकराला निघतात. वेळ बदलायच्या आधीचे चार दिवस दुसरी ओळ अशी जाते: "सोमवारपासून ९:०० पर्यंत सांगा."