राउंड रॉबिनचं एकच गणित, चार उत्तरं: या चुका टाळा

ऑपरेटिंग सिस्टीमचा पेपर सुटला की जळगावात कॉलेजबाहेरच्या टपरीवर चहा यायच्या आत पोरं राउंड रॉबिनचं उत्तर जुळवायला लागतात. चोपड्याचा म्हणतो सहा, अमळनेरची म्हणते पावणेसहा, यावलकडचा साडेपाचवर ठाम, आणि कोपऱ्यात एक जण पावणेआठ आलं म्हणून गप्प बसलेला. शिकवताना मी हेच गणित सरावाला देतो, आणि दरवर्षी हीच चार उत्तरं येतात. गंमत म्हणजे नुसत्या उत्तरावरून कोण कुठे घसरलं ते सांगता येतं.

गणित छोटं आहे. टाइम क्वांटम २ मिलिसेकंद, कॉन्टेक्स्ट स्विचला लागणारा वेळ शून्य धरायचा, सरासरी वेटिंग टाइम काढायचा.

```
      Arrival   Burst
P1       0        5
P2       1        3
P3       2        4
P4       4        1
```

साडेपाच: रेडी क्यू न मांडता फिरवलेला चक्र

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. राउंड रॉबिन म्हणजे P1, P2, P3, P4 आणि पुन्हा P1, असं आळीपाळीने फिरायचं, एवढंच डोक्यात बसलेलं असतं. सगळ्या प्रोसेस शून्याला आल्या असतील तर ते चालून जातं, आणि वर्गात पहिलं उदाहरण बहुतेक वेळा तसंच सोडवलेलं असतं. म्हणून चूक मुरते.

इथे मात्र P4 येते ४ ला. त्याआधी २ ला P1 चा पहिला क्वांटम संपून ती रांगेत मागे जाऊन उभी राहिलेली आहे. कापूस घेऊन जिनिंगच्या गेटवर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरांचं जसं असतं तसंच: गाडीचा नंबर काय हे कोणी विचारत नाही, रांगेत आधी कोण लागलं तेवढं बघतात. P1 दोनला लागली, P4 चारला. म्हणजे P3 नंतर P1 ची पाळी, P4 ची नाही. नावातल्या आकड्याला रांगेत किंमत नाही.

उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: गँट चार्टच्या खाली प्रत्येक बदलाच्या क्षणी रांग लिहायची. डोक्यात ठेवायची नाही, कागदावर लिहायची. पहिलं नाव पुढे सीपीयूवर जाणार, बाकीची वाट बघणार.

```
t=2    P2 P3 P1
t=4    P3 P1 P4 P2
t=6    P1 P4 P2 P3
t=8    P4 P2 P3 P1
t=9    P2 P3 P1
t=10   P3 P1
t=12   P1
```

त्यावरून चार्ट आपोआप उतरतो:

```
| P1 | P2 | P3 | P1 | P4 | P2 | P3 | P1 |
0    2    4    6    8    9    10   12   13
```

८ ते ९ कडे नीट बघा. P4 ला एकच मिलिसेकंद हवा होता. ती संपली की उरलेला क्वांटम वाया जात नाही, पुढची प्रोसेस लगेच ९ ला सुरू होते आणि तिला नव्याने पूर्ण २ चा क्वांटम मिळतो. काही पोरं P4 ला ८ ते १० देतात. ते पकडायला सोपं आहे: सगळ्या बर्स्टची बेरीज ५ + ३ + ४ + १, म्हणजे १३. चार्ट १३ लाच संपला पाहिजे. मधे सीपीयू रिकामा बसला असेल तर तेवढाच वेळ त्यात मिळवायचा, बाकी काही नाही.

आता हिशेब. P1 संपली १३ ला, P2 १० ला, P3 १२ ला, P4 ९ ला. प्रत्येकीतून तिचा अरायव्हल वजा केला की टर्नअराउंड टाइम येतो १३, ९, १०, ५. त्यातून बर्स्ट वजा केला की वेटिंग टाइम ८, ६, ६, ४. बेरीज २४, सरासरी ६. म्हणजे टपरीवर चोपड्याचा बरोबर होता. पण त्याच्याकडे जाण्याआधी उरलेले दोघे.

पावणेआठ: अरायव्हल वजा करायचा राहिला

याचा चार्ट अगदी बरोबर असतो, रांगही बरोबर असते, आणि शेवटच्या ओळीत मार्क जातात. वेटिंग टाइम काढताना त्याने कम्प्लिशनमधून थेट बर्स्ट वजा केला: ८, ७, ८, ८. बेरीज ३१, सरासरी ७.७५. P1 बरोबर आली कारण ती शून्यालाच आलेली होती, आणि पहिलं उत्तर जुळलं की पोरगं निर्धास्त होऊन पुढे सुटतं.

ही चूक ओळखायची खूण पक्की आहे. उत्तर जेवढं जास्त आलं, तो फरक सगळ्या अरायव्हलच्या सरासरीएवढा असतो. इथे ० + १ + २ + ४ म्हणजे ७, भागिले ४, पावणेदोन. सहा आणि पावणेदोन, पावणेआठ. मित्राच्या आणि तुमच्या उत्तरात नेमका एवढाच फरक पडला तर चार्ट पुन्हा काढत बसू नका, वजाबाकीची ओळ बघा.

याचा चुलतभाऊ म्हणजे फक्त पहिल्यांदा सीपीयू मिळेपर्यंतचा वेळ मोजणारा. P1 शून्य, P2 १, P3 २, P4 ४ आणि सरासरी पावणेदोन. (आकडा वरच्या फरकाशी जुळला तो निव्वळ योगायोग.) हा रिस्पॉन्स टाइम आहे, वेटिंग टाइम नव्हे. एफसीएफएसमध्ये दोन्ही सारखेच येतात, तिथली सवय इथे नडते. राउंड रॉबिनमध्ये प्रोसेस एकदा सीपीयूवर जाऊन आली तरी पुन्हा रांगेत उभी राहते, आणि तो वेळही मोजायचा असतो.

पावणेसहा: चूक नाही, पण मार्क जातात

माझ्याकडे उत्तरपत्रिका घेऊन येणाऱ्यांत या गटाची पोरं जास्त असतात. धुळ्याकडच्या एकाने सरळच विचारलं होतं, "सर, उत्तर ते बरोबर शे, मंग मार्क काबर कमी?" त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं.

भानगड आहे २ ला. त्याच क्षणी P1 चा क्वांटम संपतो आणि त्याच क्षणी P3 येते. रांगेत आधी कोण लागणार? वर मी नव्याने आलेल्या P3 ला आधी घेतलं. कोणी P1 ला आधी घेतलं, तर ४ ला P2 आणि P4 यांच्यातही तोच पेच पडतो, आणि तिथेही बाहेर काढलेल्या P2 लाच आधी घ्यावं लागतं. मग चार्ट असा होतो:

```
| P1 | P2 | P1 | P3 | P2 | P4 | P1 | P3 |
0    2    4    6    8    9    10   11   13
```

वेटिंग टाइम ६, ५, ७, ५. बेरीज २३, सरासरी ५.७५. दोन्ही रीती तर्काला धरून आहेत. राउंड रॉबिनची व्याख्या रांगेच्या शेवटी उभं राहायला सांगते, पण एकाच क्षणी दोघे पोचले तर काय, हे ती सांगत नाही. नव्याने आलेल्याला आधी घ्यायचं ही रीत उत्तरसूचींत जास्त दिसते, म्हणून प्रश्न गप्प असेल तर तीच धरावी. प्रश्नात नियम दिलेला असेल तर अर्थातच तो.

पण जी रीत धराल ती चार्टच्या वर एका ओळीत लिहा: "क्वांटम संपलेली प्रोसेस आणि नवी प्रोसेस एकाच वेळी आल्यास नवी प्रोसेस आधी घेतली आहे." ही ओळ असली की तपासणाऱ्याला तुमचा चार्ट उत्तरसूचीशी न जुळण्याचं कारण कळतं. ती नसली की त्याच्या दृष्टीने तुम्ही रांग चुकवली आहे. दुसरी अट अशी की एकदा धरलेली रीत शेवटपर्यंत सोडायची नाही. २ ला नव्याला आधी आणि ४ ला जुन्याला आधी, अशी सरमिसळ केलेल्या पेपरला कोणतीच ओळ वाचवू शकत नाही.

उत्तर ताडून बघायचं कसं

पुन्हा तेच सूत्र वापरून तपासलं तर तीच चूक पुन्हा होते. म्हणून दुसऱ्या बाजूने मोजा. चार्टच्या प्रत्येक तुकड्यात किती जण रांगेत उभे होते ते बघा, त्याला तुकड्याच्या लांबीने गुणा, आणि सगळ्याची बेरीज करा.

आपल्या पहिल्या चार्टमध्ये ० ते १ रांग रिकामी, १ ते २ एकटी P2, म्हणून १. २ ते ४ दोघी उभ्या, म्हणून ४. ४ ते ६ तिघी, म्हणून ६. ६ ते ८ पुन्हा तिघी, ६. ८ ते ९ तिघी, ३. ९ ते १० दोघी, २. १० ते १२ एकटी P1, २. शेवटी कोणी नाही. बेरीज २४. मघाशी वेटिंग टाइमची बेरीज २४ च आली होती. जुळलं. रांगेची ओळ आधीच लिहिलेली असेल तर हे मिनिटभराचं काम आहे, फक्त तुकड्याच्या मधे कोणी येत असेल, जशी इथे १ ला P2 येते, तर तिथे तुकडा फोडायचा.

या पडताळणीची मर्यादाही लक्षात ठेवा. ती वजाबाकीची, बेरजेची, अरायव्हल विसरल्याची चूक पकडते. चार्टच चुकला असेल तर पकडत नाही. साडेपाचवाल्याचा चार्ट घेऊन असंच मोजलं तर २२ येतात आणि त्याच्या उत्तराशी बिनचूक जुळतात. रांग चुकली का हे फक्त लिहिलेल्या रांगेवरूनच कळतं.

प्रश्नात कॉन्टेक्स्ट स्विचला १ मिलिसेकंद दिला असेल तर दोन गोष्टी बदलतात. आपल्या चार्टमध्ये आठ तुकडे आहेत, त्यांच्यामध्ये सात स्विच, म्हणून तो १३ ऐवजी २० ला संपेल. आणि स्विच चालू असताना सीपीयूवर कोणीच नसतं, म्हणून मोजताना ज्यांचं काम बाकी आहे अशा आलेल्या सगळ्या प्रोसेस वाट बघतायत असं धरावं लागतं. मधल्या काळात नवी प्रोसेस आली तर रांगेचा क्रमही बदलू शकतो, तेव्हा जुन्या चार्टमध्ये नुसते १ घालत जाऊ नका, रांग नव्याने मांडा.

राहता राहिली एक शंका, जिच्यापायी बरोबर आलेलं सहा पोरं स्वतःच्या हाताने खोडतात. तीच प्रोसेस एफसीएफएसने सोडवली तर वेटिंग टाइम ०, ४, ६, ८ आणि सरासरी साडेचार येते. "राउंड रॉबिन चांगलं म्हणतात, मग जास्त कसं?" म्हणून खाडाखोड सुरू होते. राउंड रॉबिनने सरासरी वेटिंग टाइम कमी होतोच असं नाही, बर्स्ट साधारण सारखे असतील तर बहुधा वाढतोच. ते ज्यासाठी वापरतात तो आकडा रिस्पॉन्स टाइमचा: एफसीएफएसमध्ये साडेचार, राउंड रॉबिनमध्ये पावणेदोन. तेव्हा रांग लिहिलेली असेल, चार्ट १३ ला संपत असेल आणि दोन्ही बाजूंनी २४ येत असतील, तर सहाला हात लावू नका.